नाकाखालची मधाळ खपली

गणपतीचं विसर्जन होऊन आठवडा उलटला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक चेहऱ्याची मुलं येऊ लागतात. नाकाखाली नाहीतर ओठाच्या कोपऱ्याला पिवळसर, चिकट, वाळलेल्या काकवीसारखी खपली. मूल अंगाने ठणठणीत, टेबलावरच्या स्टेथोस्कोपला हात घालणारं. अस्वस्थ असते ती आई, कारण बालवाडीच्या ताईंनी सकाळी दारातूनच परत पाठवलेलं असतं.

या आजाराला वैद्यकात इम्पेटिगो म्हणतात. मराठीत त्याला स्वतःचं असं रूढ नाव नाही आणि निम्मा घोटाळा तिथेच सुरू होतो. कुणी म्हणतं कोळी मुतला, कुणी म्हणतं नागीण, कुणी गजकर्ण, आणि उरलेले सगळे सरसकट खरूज म्हणून मोकळे होतात. प्रत्येक नावामागोमाग त्याचा त्याचा उपाय येतो. नागीण म्हटलं की गेरूचा लेप, गजकर्ण म्हटलं की औषधाच्या दुकानातली तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब. माझ्यापर्यंत मूल पोचतं तेव्हा खपलीवर बऱ्याचदा आधीच्या दोन-तीन उपायांचे थर असतात.

दोन वर्षांपूर्वीचं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण घडलं ते असंच.

मुलगी चार वर्षांची. चतुर्थीच्या आधीपासून सर्दी. नाक सारखं पुसून पुसून वरच्या ओठाची कातडी लाल, सोललेली. घरात मुंबईहून आलेली मंडळी धरून सतरा माणसं. पाच मुलं माजघरात एकाच मोठ्या सतरंजीवर ओळीने झोपायची आणि मोरीच्या खुंटीला एकच टॉवेल. ऋषिपंचमीच्या सुमारास मुलीच्या नाकाखाली लाल ठिपका आला. दुसऱ्या दिवशी त्यावर इवलासा पाण्याचा फोड दिसला आणि संध्याकाळपर्यंत तो फुटलाही. हा फोड इतका पातळ असतो की बहुतेक घरांत तो कुणी पाहतच नाही. दिसते ती नंतरची खपली. फोडातून झिरपलेलं पाणी वाळतं आणि मधासारखा रंग धरतं. गौरी जेवल्या तोवर हनुवटीवर आणखी एक चट्टा आला होता, आणि डाव्या मनगटावर, जिथे डास चावला होता तिथे, तिसरा.

मनगटावरचा चट्टा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नाकाखालून मनगटावर तो आपोआप गेला नाही, बोटाने नेला. इम्पेटिगो करणारे जंतू दोन आहेत, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. कधी एकटा असतो, कधी दोघं मिळून. आम्ही त्यांना स्टॅफ आणि स्ट्रेप म्हणतो. स्टॅफ साधारण तिघांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात काहीही त्रास न देता मुक्काम करून असतो. धड कातडीतून त्याला आत जाता येत नाही. त्याला फट लागते, आणि ती फट दोन ते पाच वर्षांचं मूल रोज पुरवतं. नाक पुसून सोललेला ओठ, खाजवलेला डास, खरचटलेलं ढोपर, कोपराच्या घडीतला जुना इसब. पावसाळ्यात घाम, ओल आणि चिलटं-डास यांची भर पडते. जंतू कातडीवर उतरल्यापासून फोड दिसेपर्यंत चार ते दहा दिवस जाऊ शकतात. म्हणून गणपतीतला संसर्ग विसर्जनानंतर दिसतो. तोवर चाकरमानी मंडळी मुंबईला पोचलेली असतात आणि त्यांची मुलं आपापल्या शाळेत बसलेली असतात.

खपल्यांचा हाच प्रकार जास्त दिसतो. दुसऱ्या प्रकारात मोठे, मऊ, पातळ भिंतीचे फोड येतात आणि फुटल्यावर कडेला कागदासारखी पापडी उरते. तो एकट्या स्टॅफचा उद्योग. त्याचं विष त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन कापतं आणि वरचा थर सुटतो. तान्ह्या बाळाला असे फोड आले तर घरी वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावं. तेच विष रक्तात पसरलं तर बाळाची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागते.

मुलीला माझ्याकडे आणलं तेव्हा तिच्या आजीच्या हातात ट्यूब होती. दुकानदाराने दिलेली, बुरशीवरचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली. "लावल्यावर लाली गेली होती हो," आजी म्हणाल्या. जाणारच. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, आणि त्याबरोबर कातडीची जंतूंना अडवण्याची ताकदही दाबतं. दोन दिवस बरं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. दुसरी लाडकी वस्तू म्हणजे घराघरात जखमेसाठी ठेवलेलं पांढरं क्रीम नाहीतर पिवळी पावडर. त्यात बहुधा फ्रॅमायसेटिन किंवा निओमायसिन असतं. खरचटल्याला ठीक, पण स्ट्रेपवर ही औषधं दुबळी पडतात आणि काही मुलांना निओमायसिनचीच ॲलर्जी येते. मग खपली इम्पेटिगोची की ॲलर्जीची, हे ओळखत बसावं लागतं.

आता मुख्य प्रश्न, जो प्रत्येक आई विचारते. कुणी विचारते, "नुसतं मलमच देताय? पोटातलं औषध नको का?" आणि शेजारच्या खुर्चीवरची नेमकं उलटं विचारते, "एवढ्याशा पुळीला अँटिबायोटिक कशाला?" उत्तर चट्टे मोजून मिळतं.

या मुलीला तीन चट्टे होते, ताप नव्हता, गळ्यात गाठी नव्हत्या, खेळणं-खाणं चालू होतं. अशा मुलाला मलम पुरतं. नुसतं पुरतं असंही नाही, ते पोटातल्या औषधाच्या तोडीचं असतं. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात इम्पेटिगोवरच्या ६८ चाचण्या आणि साडेपाच हजारांवर रुग्ण होते. थोडक्या जागेवरच्या आजारात म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम तोंडाने घेतलेल्या औषधाइतकं किंवा काकणभर अधिकच गुण देतं, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण समजायला सोपं आहे. जंतू कातडीच्या अगदी वरच्या थरात बसलेला असतो. मलम थेट तिथे भरपूर पोचतं. पोटातलं औषध आधी साऱ्या शरीरात वाटलं जातं, आतड्यातल्या चांगल्या जंतूंना झोडपतं, जुलाब लावतं आणि उरलंसुरलं नाकाखाली पोचतं.

पण मलम जंतूपर्यंत पोचलं तरच. माझ्या अनुभवात मलम हरतं त्यातल्या बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो, खपलीचा असतो. आई खपलीवर मलम लावते. खपली म्हणजे वाळलेलं पाणी आणि पू, तिच्याखाली जंतू सुखरूप असतो. पत्र्यावर पाणी ओतून खालची माती भिजेल का?

म्हणून मी कृती कागदावर लिहून न देता तिथेच करून दाखवते. कोमट पाण्यात स्वच्छ सुती फडकं भिजवायचं, पिळायचं आणि खपलीवर ठेवायचं. गार झालं की पुन्हा. पाच-दहा मिनिटांत खपली साबुदाण्यासारखी फुगून मऊ होते. साबणाच्या पाण्याने हलकेच पुसली की जेवढी सुटायची तेवढी सुटते. नखाने खरवडायची नाही, रक्त काढायचं नाही. जी सुटली नाही ती पुढच्या वेळी सुटेल. मग कोरड्या फडक्याने टिपायचं आणि मलमाचा पातळ थर चट्ट्यावर व त्याच्या कडेच्या बोटभर जागेवर लावायचा. फडकं लगेच धुवायला टाकायचं, आपले हात साबणाने धुवायचे. दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. तीन चट्ट्यांना पाच ग्रॅमची ट्यूब पुरते. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील आणि तिसऱ्या दिवशी चेहरा स्वच्छ दिसला, तरी उरलेले दोन दिवस सोडायचे नाहीत. उरलेली ट्यूब मात्र फ्रिजच्या दारात 'पुढच्या वेळेसाठी' ठेवायची नाही.

हे शेवटचं वाक्य मी थोडं जोर देऊन सांगते, कारण त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. २००० च्या आसपास नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मुलांच्या इम्पेटिगोची लाट आली. तपासल्यावर दिसलं की ठिकठिकाणी स्टॅफचा एकच वंश पसरला होता आणि त्याला फ्युसिडिक ॲसिड लागू पडत नव्हतं. ज्या मलमावर भरवसा होता, त्याचाच सर्रास वापर त्या वंशाला मोकळं रान देत होता. यातून धडा घेऊन इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये सल्ला दिला की थोडेच चट्टे असतील आणि मूल आजारी दिसत नसेल, तर आधी अँटिबायोटिक नसलेलं, १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम वापरून पाहावं. आपल्याकडच्या दुकानात ते क्रीम सहज मिळत नाही. आणि कुणी कपाटातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढायला उठत असेल तर थांबा, ती वस्तू वेगळी. तसंच घरातलं फरशीचं किंवा जखमेचं जंतुनाशक न मिसळता लावू नका. चट्टा बरा होत नाही, भाजतो मात्र नक्की.

त्या घरातला दुसरा रुग्ण चार दिवसांनी आला. मुलीचा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा, वजन १२ किलो. त्याला आधीपासून कोपर-गुडघ्यांच्या घड्यांत इसब होता आणि आता त्या घड्या, मांड्या, पोट मिळून बाराच्या वर चट्टे. अंगात थोडा ताप. इथे मलमाचा उपयोग नाही. इतक्या जागा दिवसातून तीनदा भिजवून, टिपून, मलम लावायला दोन वर्षांचं मूल हाताशी लागत नाही, आणि चट्टे मोजण्यात आपण न पाहिलेला एखादा राहतोच. चट्टे पाचांच्या वर गेले, शरीराच्या दूरदूरच्या भागांवर पसरले, ताप आला, मोठे फोड आले किंवा दोन-तीन दिवस नीट मलम लावूनही नवे चट्टे उठत राहिले, की मी तोंडाने औषध देते. पाच हा आकडा काही शिलालेख नाही, माझी सोय आहे. अमेरिकी तज्ज्ञांच्या शिफारशीत आणखी एक कारण आहे, जे आपल्याकडे फारसं लक्षात घेतलं जात नाही. एकाच घरात किंवा वर्गात बरेच जण आजारी असतील तर चट्टे कमी असले तरी तोंडाने औषध द्यावं, म्हणजे पसरणं लवकर थांबतं.

मुलाला सेफॅलेक्सिन दिलं. का तेच, हे सांगते, कारण औषध लिहून घेतल्यावर अनेकजण दुकानात "तेच नाही, तर दुसरं द्या" म्हणतात. नुसतं अमॉक्सिसिलिन इथे चालत नाही. बहुतेक स्टॅफ ते फोडणारं रसायन स्वतःच बनवतो. अझिथ्रोमायसिन तीन दिवसांचं, गोड, सगळ्यांचं आवडतं, पण त्याला न जुमानणारे स्टॅफ आणि स्ट्रेप आता खूप झाले आहेत. सेफॅलेक्सिन दोघांवरही चालतं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावं लागतं.

मात्रा वजनावर ठरते. दर किलोला दिवसाला २५ ते ५० मिलीग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला दिवसाला ३०० ते ६००. पातळ औषधाच्या ५ मिलीत १२५ मिलीग्रॅम असतं. तीन वेळा ५ मिली दिलं की दिवसाचे ३७५ झाले. सात दिवस. हे गणित घरी करून औषध आणण्यासाठी सांगत नाही. सांगते ते पुढच्या हिशेबासाठी. दिवसाला १५ मिली, सात दिवसांना १०५ मिली. पावडरची बाटली बहुतेक ३० मिलीची येते. म्हणजे लागणार चार बाटल्या. आई एक बाटली घेऊन गेली. ती दुसऱ्या दिवशी रात्री संपली, ताप गेला होता, खपल्या सुकल्या होत्या, आणि बाटली संपली म्हणजे औषध संपलं असा तिचा समज झाला. पाचव्या दिवशी मूल पुन्हा माझ्यासमोर. चूक तिची नव्हती. मी 'सात दिवस' लिहिलं होतं, 'चार बाटल्या' लिहिलं नव्हतं. तेव्हापासून लिहिते. पाणी मिसळण्याचीही तीच कथा. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं असतं, हलवल्यावर पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत. आणि चारही बाटल्या एकदम कालवून ठेवायच्या नसतात, लागेल तशी एकेक कालवायची.

मलम आणि पोटातलं औषध दोन्ही एकदम दिलं तर लवकर बरं होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही, म्हणून मी देत नाही. चट्टे धुणं मात्र दोन्हीत चालू राहतं. आणि औषध पुरतं देऊनही फोड येत राहिले, केसतोडासारख्या पुवाच्या गाठी आल्या, तर पुवाचा नमुना तपासायला पाठवावा लागतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ असू शकतो, त्याला वेगळं औषध लागतं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये ५०८ मुलांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पेनिसिलिनच्या दुखऱ्या इंजेक्शनाइतकाच गुण को-ट्रायमॉक्सॅझोलच्या तीन किंवा पाच दिवसांच्या औषधाने येतो असं त्यात दिसलं. मुलांच्या दृष्टीने ती मोठीच बातमी होती.

आता बालवाडी. त्या मुलीच्या गणवेशाला, इतर सगळ्यांच्यासारखाच, पिन लावून रुमाल अडकवलेला होता. घडी घातलेला, छातीवर, सकाळी पांढरा. मी त्या रुमालाकडे नेहमी संशयाने पाहते. मुलं नाक पुसतात, खपली पुसतात, सांडलेलं पाणी पुसतात आणि मधल्या सुट्टीत हात धुऊन त्यालाच पुसतात. घाईत ताईसुद्धा जवळच्या मुलाच्या रुमालाने दुसऱ्याचं नाक पुसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इम्पेटिगो हवेतून येत नाही. तो बोटाने, नखाने, रुमाल-टॉवेलाने आणि चिकट खेळण्याने येतो. म्हणून वर्गात काय करायचं तेही त्याच वाटेवर करायचं.

ज्याला खपली आहे त्याला किती दिवस घरी ठेवायचं? इंग्लंडमध्ये नियम असा की औषध सुरू होऊन ४८ तास झाले किंवा सगळे चट्टे सुकून खपली धरली, की मूल शाळेत जाऊ शकतं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ २४ तास पुरेसे मानतात, चट्टा झाकलेला असेल तर. मी दोन पूर्ण दिवस सांगते, आणि परत जाताना उघडा चट्टा असेल तर त्यावर जाळीचं फडकं आणि चिकटपट्टी. चेहऱ्यावर पट्टी टिकत नाही, तिथे सुकणं हाच निकष. काही शाळा 'पूर्ण बरं होईपर्यंत येऊ नका' म्हणून दोन-दोन आठवडे मुलाला घरी बसवतात. तसं करायची गरज नाही. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, आणि नंतर राहतो तो गुलाबी डाग. त्याचा व्रण पडत नाही, तो आपोआप जातो.

ताईंना मी तीनच गोष्टी सांगितल्या. वर्गात आलेल्या सगळ्या मुलांनी आल्यावर आणि खाण्याआधी नळाखाली साध्या साबणाने हात धुवायचे, बादलीत हात बुडवायचे नाहीत. प्लास्टिकची खेळणी रोज साबणाच्या पाण्यातून काढायची, मातीकाम-पिठाचे गोळे आठवडाभर बंद. आणि पालकांना कळवायचं ते मुलाचं नाव न घेता, 'वर्गात असा आजार आहे, नाका-तोंडाभोवती खपली दिसली तर दाखवा' एवढंच. ज्यांना काही झालं नाही अशा मुलांना खबरदारी म्हणून मलम वाटायचं नाही. हे सांगावं लागलं, कारण एका उत्साही पालकांनी अख्ख्या वर्गासाठी ट्यूब आणून द्यायची तयारी दाखवली होती.

साध्या साबणावर माझा भर आहे त्यालाही आधार आहे. कराचीच्या झोपडवस्त्यांमध्ये घरोघरी साबण वाटून, हात धुवायला शिकवून केलेली एक मोठी चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या घरांत साबण आणि सवय पोचली तिथल्या मुलांत इम्पेटिगो ३४ टक्क्यांनी कमी झाला. काही घरांना जंतुनाशक साबण दिला होता, काहींना साधा. फरक पडला नाही. जाहिरातीतल्या साबणाचे जादा पैसे वाचले.

घरी टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आजारी मुलाचा टॉवेल, उशीची खोळ, कपडे रोज गरम पाण्यात. आमच्याकडे भाद्रपदात कपडे वाळत नाहीत, दमट घडीत तसेच राहतात, म्हणून गरम इस्त्री फिरवा. नखं कापा, आणि नेलकटर प्रत्येक मुलानंतर साबणाने धुवा. भावंडांनी एका टबात अंघोळ करायची नाही. सतरंजी उन्हात टाकता आली तर टाका, नाही आली तर वर प्रत्येकाची वेगळी चादर.

एवढं करून ते घर बरं झालं आणि दसऱ्याला मुलगी पुन्हा आली.

या वेळी खपल्या नाकाखाली नव्हत्या. मनगटांवर, बोटांच्या बेचक्यांत, ढुंगणावर आणि बेंबीभोवती होत्या. आईचा चेहरा उतरलेला. "डॉक्टर, मागच्या वेळची ट्यूब लावली, उतारच नाही." मी विचारलं, रात्री खाजवते का? खूप. आणखी कोण खाजवतं? आई थांबली. मग म्हणाली, सासूबाई, आणि हो, मीही. बेचकी भिंगाखाली धरली तर नागमोडी, केसाएवढी रेघ दिसली. ही खरूज, खरीखुरी. कातडीत बिळं करणारा किडा. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. चतुर्थी ते दसरा, दिवस मोजा. मुंबईला फोन केला तेव्हा कळलं, सतरंजीवर तिच्या शेजारी झोपणारा सात वर्षांचा आतेभाऊ गणपतीच्या आधीपासूनच रात्री खाजवत होता. त्याला 'उष्णता' झाली होती.

म्हणजे लोक इम्पेटिगोला चुकून खरूज म्हणतात ते म्हणतात, पण कधीकधी खपलीखाली खरंच खरूज असते. खाजवून पडलेल्या प्रत्येक ओरखड्यात स्टॅफ-स्ट्रेप शिरतात. अशा मुलाला अँटिबायोटिक कितीही दिलं तरी खपली महिन्याने परत येते. फिजी बेटांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अख्ख्या वस्तीला खरजेवरचं आयव्हरमेक्टिन देण्यात आलं. खरूज असलेल्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं, आणि इम्पेटिगो, ज्याच्यावर ते औषधच नव्हे, तोही २४.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उतरला.

त्या घराला मी एकच तारीख दिली. गावातली सगळी माणसं आणि मुंबईची चार, एकाच रात्री, ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या, नखांखाली, बेंबीत, सकाळी अंघोळ. लहान मुलांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. आठवड्याने पुन्हा एकदा. खाज नसलेल्या आजोबांनीही लावायचं. ते कुरकुरले, पण लावलं. मुलीला बरोबरीने सात दिवस सेफॅलेक्सिन, या वेळी बाटल्यांचा आकडा लिहून. खाज त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळते, हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर लोक क्रीम रोज फासत बसतात. दिवाळीत त्या घरातून फराळाचा डबा आला, खपली आली नाही.

शेवटी एक सांगायचं राहतं. स्ट्रेपच्या काही जाती कातडीवरच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज आणतात. असं क्वचित होतं, पण खपली केव्हाच गेलेली असते आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. अँटिबायोटिक वेळेवर दिलं तरी ते टळेलच अशी हमी नाही. म्हणून खपल्या सुकल्यावर दीड महिना मुलाच्या लघवीवर नजर ठेवा. ती कोऱ्या काळ्या चहासारखी दिसली, कमी झाली, किंवा सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि महिन्यापूर्वी अंगावर खपल्या झाल्या होत्या हे आपणहून सांगा.